चूक देणाऱ्याची, भुर्दंड घेणाऱ्याला

मिरा-भाईंदरमध्ये स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचा जुना उद्योग आहे. समजा, तेथील एका कारखानदाराने जून महिन्यात तिघा पॉलिश कारागिरांना प्रत्येकी दीड लाख रुपये मजुरी देताना एक टक्का, म्हणजे पंधराशे रुपये, कर कापून घेतला. तिघांचे मिळून साडेचार हजार रुपये त्याने 7 जुलैच्या आत एकाच चलनाने भरले. पैसा सरकारी तिजोरीत पोहोचला. परंतु तो कोणाचा हे तिजोरीला ठाऊक नसते. ते सांगते 31 जुलैपर्यंत द्यावयाचे तिमाही विवरणपत्र.

या विवरणात दोन जागी घात होतो. बँक शाखेचा सात अंकी संकेतांक, भरण्याची तारीख आणि चलनाचा पाच अंकी अनुक्रमांक यांवरून चलन जुळविले जाते. त्यांतील एक अंक चुकला, तर तिघांचीही करजमा अडकते. ही चूक निदान लपत नाही. चलन न जुळल्यामुळे कारखानदारालाच कमी भरण्याची नोटीस येते. दुसरी चूक मुकी आहे. दोघा कारागिरांचे पॅन क्रमांक अदलाबदल झाले, तर दोन्ही क्रमांक खरे, रक्कमही बरोबर. यंत्रणेला काहीच खटकत नाही. मजुरी सारखी नसेल, तर मात्र एकाचा कर दुसऱ्याच्या खात्यावर जातो. हे ओळखू शकतो तो केवळ कारागीर, तेही आपले वार्षिक करपत्रक उघडून पाहिले तर.

दुरुस्ती अवघड नाही. कारखानदाराने ‘ट्रेसेस’वरून मूळ विवरणाची एकत्रित फाइल घ्यावी, चुकलेली ओळ सुधारावी आणि सुधारित विवरण दाखल करावे. पण हा अधिकार फक्त त्याचा आहे. ज्याचे पैसे अडकले, त्याला त्या विवरणास हात लावता येत नाही. शिवाय विवरणास विलंब झाला, तर दिवसाला दोनशे रुपये शुल्क बसते; वेळेवर दिलेल्या चुकीच्या विवरणास असे रोजचे शुल्क नाही. साहजिकच घाई होते, पडताळणी राहते.

मालकाने पगारातून कापलेला कर भरला नाही, तरी तो नोकराकडून पुन्हा वसूल करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2007 साली सांगितले. तत्त्व निःसंशय न्याय्य आहे. पण संगणक न्यायनिवाडा वाचत नाही. नोंद जुळली नाही की मागणीची सूचना निघते.

आता काळही आखडला आहे. 2025 च्या प्राप्तिकर कायद्यानुसार, 1 एप्रिल 2026 पासून, विवरण ज्या करवर्षात द्यावयाचे त्याच्या अखेरीपासून दोनच वर्षे दुरुस्तीला मिळतात. पूर्वी ही मुदत सहा वर्षे होती. म्हणून दरवर्षी नव्हे, दर तिमाहीनंतर कारागिराने आपली जमा पाहावी व चूक दिसताच मालकाला लेखी कळवावे. आणि शासनाने, मालक ढिम्म राहिल्यास पावतीच्या पुराव्यावर दुरुस्ती मागण्याचा हक्क त्या कारागिरालाही द्यावा. ज्याचे पैसे, त्याच्या हाती किल्ली नसावी, हा कसला हिशेब?