जास्त गारवाही लसीला मारतो

मार्चच्या उन्हात आमच्या शाळेत दहा वर्षांच्या मुलांना टीडीची लस द्यायला प्राथमिक आरोग्य केंद्रातून सिस्टर येणार होत्या. खान्देशातलं ऊन तुम्हाला माहीतच आहे, भगिनींनो. पालकसभेत एक अम्मी म्हणाल्या, "आपा, सिस्टरांना सांगा, डब्यात भरपूर बर्फ आणा." मलाही ते पटलं. सिस्टर मात्र हसल्या.

टीडी आणि बाळांची पेंटाव्हॅलेंट एकदा गोठली की ती बाद. वितळवली तरी तिचा गुण परत येत नाही. म्हणून केंद्रात त्या आयएलआर नावाच्या, वरून उघडणाऱ्या फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर असतात, त्याही टोपलीत; तळाशी गारवा जास्त असतो. तापमान रोज दोन वेळा वहीत लिहितात. वीज गेली की झाकण उघडायचं नाही, आतला थंडावा टिकतो.

बाहेर नेताना आईसपॅक डीप फ्रीजरमधून काढून लगेच डब्यात घालत नाहीत. आधी बाहेर मांडून ठेवतात. त्यांना घाम फुटला आणि कानाशी हलवल्यावर आत पाणी वाजलं, की मगच चार पॅक डब्यात जातात. घाईच्या सकाळी हीच पायरी गळते.

मी विचारलं, "कुपीवर खूण असते ना?" असते. वर्तुळातला चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चालते. तेवढाच किंवा जास्त गडद झाला तर फेकायची. पण ती खूण फक्त उष्णता दाखवते. गोठून वितळलेल्या कुपीवरही चौकोन फिकाच राहतो.