डायलिसिसची सुट्टी रोज मागू नका, पाळी लिहून घ्या

डायलिसिस सहसा आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास चालतं. त्यासाठी प्रत्येक वेळी सुट्टी मागणारा कामगार लवकरच दांडीबहाद्दर ठरतो. म्हणून मागणी एकदाच आणि लेखी करावी.

आधी डायलिसिस केंद्राकडून वार-वेळ पक्की करा. समजा, सोमवार-बुधवार-शुक्रवार संध्याकाळ मिळाली, तर जालन्याच्या लोखंड कारखान्यात कायम सकाळची पाळी मागा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसतं ‘विश्रांती’ नको. वार-वेळ हवी, शिवाय फिस्टुलाच्या हाताने जड उचलू नये आणि पाणी मोजून प्यायचं असल्याने भट्टीजवळ काम नको, हेही हवं.

अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी होकार मुकादम बदलला की संपतो.