पैसे घ्या, पण बॅनरवर नाव नको

लातूरच्या मेन रोडवर कापडाचं एक मोठं दुकान आहे. एप्रिल आला की पांढऱ्या साड्या आणि निळे फेटे दर्शनी भागात टांगलेले दिसतात. गिऱ्हाईक कोण, हे सांगायला नको. चार वर्षांपूर्वी जयंतीच्या कार्यक्रमासाठी आम्ही तिघं त्या दुकानात गेलो, तेव्हा मालकांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. आमचा कागद वाचला आणि गल्ल्यातून हजार रुपये काढून पुढे ठेवले. मग म्हणाले, "हे घेऊन जा, ताई. पण बॅनरवर नाव नको. आमच्याकडे सगळ्या प्रकारचं गिऱ्हाईक येतं."

या एका वाक्यावर मी आजही विचार करते. सध्या हैदराबादला पीएच.डी. करते आहे. इथेही जयंती जवळ आली की वेगवेगळ्या राज्यांतली मुलं दुकानं धुंडाळत फिरताना दिसतात. त्यांच्याकडून ऐकलेले किस्से आमच्यापेक्षा फार वेगळे नाहीत. म्हणून स्थानिक व्यावसायिकाकडून प्रायोजकत्व कसं मागायचं आणि ते मागताना आपण नेमकं काय विकत असतो, हे एकदा नीट मांडायला हवं असं वाटलं.

आधी आमची पहिल्या वर्षाची चूक सांगते. आम्ही वसतिगृहातली मुलंमुली पावतीपुस्तक घेऊन निघालो. दोन दिवसांत चाळीस दुकानं केली आणि जमले सहा हजार तीनशे रुपये. कुणी एकावन्न दिले, कुणी एकशे एक. "तुमच्या लोकांचं दरवर्षीचंच असतं," असं म्हणत एकाने पावतीही घेतली नाही. वस्तीत लहानपणापासून वर्गणी मागत आल्यामुळे हाच एक मार्ग आम्हाला ठाऊक होता. वस्तीतली वर्गणी आपल्या माणसांचा आपल्या कार्यक्रमातला वाटा असते. बाजारपेठेत तीच वर्गणी मागायला गेलं की ती मदत होते, आणि मदत देणारा ती लवकर उरकून मोकळा होतो.

प्रायोजकत्व हा सौदा असतो. दुकानदार पैसे देतो आणि त्या बदल्यात त्याचं नाव ठरलेल्या जागी, ठरलेल्या लोकांना दिसतं. हे समजायला आम्हाला वर्ष गेलं.

दुसऱ्या वर्षी आम्ही कार्यक्रमच बदलला. ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची. या दोन्हींच्या मधल्या रविवारी शहरातल्या विद्यार्थ्यांसाठी सामान्यज्ञान परीक्षा आणि तिच्यानंतर एक व्याख्यान ठेवलं. खर्च मांडला तो असा: बक्षिसाची पुस्तकं सहा हजार, नाश्ता साडेचार हजार, हॉलतिकीट-प्रश्नपत्रिका-प्रमाणपत्रांची छपाई बेचाळीसशे, साउंड दोन हजार, दोन फ्लेक्स अठराशे, वक्त्यांचा प्रवास दीड हजार. एकूण वीस हजार. सभागृह कॉलेजने फुकट दिलं.

मग प्रश्न असा विचारला की आमच्या सभागृहात येणारी दोन-अडीचशे मुलं कुणाला हवी आहेत? सराफाला नकोत, ट्रॅक्टरच्या शोरूमलाही नकोत. स्पर्धा परीक्षेच्या क्लासला हवीत, कारण बारावीच्या आणि पदवीच्या परीक्षा आटोपल्यावर त्यांचे नवे प्रवेश सुरू होतात. अभ्यासिकेला हवीत, मेसला हवीत, झेरॉक्स सेंटरला हवीत. म्हणून चाळीस दुकानांऐवजी आम्ही फक्त नऊ ठिकाणी गेलो. गेलो फेब्रुवारीत. मार्चअखेरीस व्यापारी हिशेबाच्या घाईत असतो, तेव्हा तो कुणाचंच ऐकून घेत नाही. वेळही दुपारी तीनची, गिऱ्हाईक कमी असतानाची निवडली.

हातात एकच पान होतं. वर कार्यक्रम, तारीख, जागा आणि प्राचार्यांची सही. मध्ये खर्चाचा तक्ता. खाली प्रत्येक खर्चासमोर, तो उचलणाऱ्याला काय मिळेल ते लिहिलेलं. छपाईचा खर्च उचलणाऱ्याचं नाव प्रत्येक हॉलतिकिटावर आणि प्रमाणपत्राच्या तळाशी. बक्षिसांचा खर्च उचलणाऱ्याचं नाव बक्षीस वितरणात दोनदा पुकारलं जाईल, शिवाय बाहेरच्या दाराशी टेबल मिळेल. नाश्ता देणाऱ्याचा फलक नाश्त्याच्या काउंटरवर. "यथाशक्ती सहकार्य करावे" हे वाक्य आम्ही मुद्दाम काढून टाकलं. ते वाचलं की समोरच्याचा हात शंभराच्या नोटेकडे जातो. आकडा दिसला की तो त्या आकड्यावर बोलू लागतो.

पैशाच्या व्यवहारात एक अडचण होती. आमचं मंडळ नोंदणीकृत नव्हतं, बँक खातं नव्हतं. एका मुलाच्या खात्यावर पैसे घेतले की संशय सुरू होतो, बाहेरचाही आणि आतलाही. एका अभ्यासिकेच्या मालकांनीच वाट सुचवली. ते म्हणाले, "पैसे तुम्हाला देत नाही, छापखान्याला देतो. बिल माझ्या नावाने करायला सांगा." यात त्यांचाही फायदा होता. व्यवसायाच्या जाहिरातीवरचा खर्च धंद्याच्या खर्चात दाखवता येतो. देणगीला मात्र आयकरात सूट हवी असेल तर घेणाऱ्या संस्थेकडे आयकर विभागाची मान्यता लागते आणि ती आमच्यासारख्या मंडळाकडे नसते. म्हणजे आमच्या पावतीपुस्तकातल्या पावतीचा त्यांना हिशेबात काही उपयोग नव्हता, छापखान्याच्या बिलाचा होता. त्यानंतर आम्ही सगळ्यांनाच हेच सांगितलं: पुस्तकांचे पैसे पुस्तकवाल्याला द्या, छपाईचे छापखान्याला द्या.

त्या वर्षी क्लासने बक्षिसं उचलली, अभ्यासिकेने छपाई, मेसवाल्या मावशींनी नाश्ता. झाले चौदा हजार सातशे. उरलेले त्रेपन्नशे वस्तीतून आणि नोकरीला लागलेल्या जुन्या मुलांकडून वर्गणी म्हणून आले, आणि ती वर्गणी योग्य ठिकाणाहून आली होती.

कापड दुकानदार त्याच नऊ जणांतले एक. त्यांच्या हजार रुपयांवर आमच्यात वाद झाला. एकाचं म्हणणं होतं, पैसे घ्या, साउंडचा निम्मा खर्च निघतो, नाव नको तर नको. मला ते पटत नव्हतं, पण माझ्याकडे पुरावाही नव्हता. काही माणसं खरंच कुठेच नाव लावत नाहीत. मग समाजशास्त्राच्या वर्गात शिकलेली साधी गोष्ट केली, तुलना. मोबाइलमध्ये मागच्या गणेशोत्सवातले फोटो शोधले. मेन रोडच्या स्वागतकमानीवर त्याच दुकानाचं नाव होतं, मालकांच्या फोटोसकट. म्हणजे नाव लावायला त्यांची हरकत नव्हती. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी ते दिसायला हरकत होती.

आम्ही परत गेलो आणि नम्रपणे सांगितलं, "काका, आमच्याकडे फक्त जाहिरातीची जागा आहे, देणगी घेत नाही." पैसे परत केले. ते रागावले नाहीत, थोडे ओशाळले. कदाचित त्यांची भीती खरीही असेल. नाव दिसलं असतं तर दोन गिऱ्हाइकं खरंच कमी झाली असती. पण मग तो हजार रुपयांचा व्यवहार आपल्याला बाजाराबद्दल काहीतरी सांगतो. आपला पैसा गल्ल्यात चालतो, आपल्याशी असलेला संबंध फलकावर चालत नाही.

हे नवं नाही. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केलं, तेव्हा त्याची जाहिरात पैसे मोजूनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. तिथे आपले पैसे घेऊन आपलं नाव छापायचं नव्हतं. इथे आपल्याला पैसे देऊन स्वतःचं नाव छापायचं नव्हतं. दोन्हीकडे नकार आहे तो शेजारी दिसण्याला. म्हणून माझं मत असं की प्रायोजक मागताना रकमेइतकाच नावाचा आग्रह धरावा. जो सगळीकडेच निनावी देतो त्याची देणगी जरूर घ्यावी, पण जो फक्त आपल्याकडे निनावी होतो, त्याचा हजार परत करावा. त्या हजाराने साउंड भागेल, पण पुढच्या वर्षी तो तेवढाच देईल आणि तसाच देईल.

दुसऱ्या बाजूने आपणही काय विकायचं नाही हे आधी ठरवायला हवं. क्लासच्या सरांनी सहा हजारांच्या बदल्यात टेबलासोबत आणखी एक मागणी केली: सगळ्या परीक्षार्थींची नावं आणि मोबाइल नंबर. ही मागणी जवळजवळ प्रत्येक क्लास करतो. आम्ही नाही म्हटलं. मुलांनी नंबर परीक्षेसाठी दिले होते. शिवाय आपल्याकडे आडनावांची यादी म्हणजे बऱ्याचदा जातींची यादी असते. आम्ही सांगितलं, दाराशी टेबल आहे, ज्याला हवं तो स्वतः नंबर देईल. सर तयार झाले आणि सत्तरच्या वर मुलांनी स्वतःहून नंबर दिले. मंचामागच्या पडद्यावर फुले-आंबेडकरांच्या फोटोंसोबत कुणाचाही लोगो नाही, हेही पानावरच लिहिलं होतं. लोगो दाराशी, काउंटरवर, हॉलतिकिटावर.

फ्लेक्स आम्ही कॉलेजच्या आवारातच लावले. रस्त्यावर लावायचे तर महापालिकेची परवानगी लागते. विनापरवाना फ्लेक्सवर गुन्हा दाखल झाला की त्यावर छापलेली नावंच सापडतात. आमच्यातले चौघं पोलीस भरतीची तयारी करत होते. चारित्र्य पडताळणीत असा गुन्हा निघाला तर फ्लेक्स केवढ्याला पडेल?

शेवटचं काम कार्यक्रमानंतरचं, आणि तिथेच पहिल्या वर्षी आम्ही एक माणूस गमावला होता. एका स्टेशनरीवाल्यांनी पाचशे दिले होते, त्यांचा फलक साउंडच्या खोक्यामागे गेला. ते कार्यक्रमाला आले, फलक शोधला, काही न बोलता निघून गेले. पुढच्या वर्षी दारातूनच नाही म्हणाले आणि त्यांचं बरोबर होतं.

दुसऱ्या वर्षी एका मुलीकडे एवढंच काम दिलं: सकाळी दहाला प्रत्येक फलक समोरून दिसतो का ते पाहायचं आणि गर्दी असताना त्याचा फोटो काढायचा. आम्ही दोनशे मुलांचा शब्द दिला होता, हजेरीत दोनशे अडुसष्ट निघाली. त्याच संध्याकाळी तिन्ही प्रायोजकांना फोटो, हजेरीचा आकडा आणि आभाराचं पत्र गेलं. तिसऱ्या वर्षी मेसच्या मावशींकडे आम्ही पोचायच्या आधीच त्यांचा फोन आला. नाश्ता त्याच देणार होत्या, पण फलकावर मेसच्या नावाखाली या वेळी त्यांचं स्वतःचंही नाव हवं होतं.