हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा

सोयगावसारख्या तालुक्यात घराच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला जातो, पण मोठी रक्कम हातात येते ती वर्षातून एखाद्या वेळी. दिवाळीच्या आसपास कापूस विकला जातो, कधी पगाराची थकबाकी मिळते, कधी भिशी लागते. यातले लाखभर रुपये गृहकर्जात भरायला माणूस बँकेत जातो. तिथे त्याला एक प्रश्न विचारला जातो, किंवा विचारला जातही नाही: हप्ता कमी करायचा की मुदत? माझे म्हणणे असे की, ज्याला हप्ता पेलतो आहे त्याने हप्ता आहे तसाच ठेवून मुदत कमी करायला सांगावे, आणि तेही लेखी. का, ते आकड्यांनीच पाहू.

समजा, एका शिक्षकाने २० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी ९ टक्के दराने घेतले. महिन्याचा हप्ता येतो १७,९९५ रुपये. तीन वर्षांत ३६ हप्ते गेले, म्हणजे जवळजवळ साडेसहा लाख रुपये भरून झाले. तरी मुद्दल उरते १८ लाख ७६ हजार ७६७. एवढे भरून मुद्दल फिटले फक्त सव्वा लाखाच्या आसपास. बाकीचे सगळे व्याजात गेले.

यात बँकेची लबाडी नाही, हिशेबाची रीतच तशी आहे. व्याज दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर लागते. सदतिसाव्या महिन्यात ते १४,०७६ रुपये होते. हप्त्यातून आधी हे व्याज वळते होते आणि उरलेले ३,९१९ रुपये मुद्दलात जातात. पुढच्या महिन्यात मुद्दल तेवढे कमी, म्हणून व्याज जरासे कमी, म्हणून मुद्दलात थोडे जास्त. असे मुंगीच्या पावलांनी कर्ज पुढे सरकते.

आता याच वेळी शिक्षकाने एक लाख रुपये जादा भरले. हे लाख रुपये सगळेच्या सगळे मुद्दलात जातात. जे मुद्दल तीन-चार हजारांनी फिटत होते, त्यातले लाखभर एका दिवसात फिटले. नेहमीच्या हप्त्यांनी एवढे मुद्दल फेडायला पुढचे २३ महिने लागले असते. म्हणजे परतफेडीच्या तक्त्यातल्या पुढच्या २३ ओळी त्याने एका उडीत ओलांडल्या. त्या ओळींतले व्याज आता द्यायचे नाही. उरले होते २०४ हप्ते, आता उरतात १८१, आणि त्यातला शेवटचा अर्ध्याहून थोडाच जास्त. कर्ज सुमारे दोन वर्षे आधी संपते. वाचलेले हप्ते मिळून होतात ४ लाख २१ हजार. त्यातून भरलेले एक लाख वजा केले, तर व्याजाची बचत ३ लाख २१ हजारांची. अर्थात ही बचत पंधरा वर्षांनंतर हाती लागणारी आहे. तेव्हाच्या रुपयाची किंमत आजच्याइतकी नसेल, हे ध्यानात असू द्यावे.

आपल्या कर्जाचा हिशेब करायला सूत्राची गरज नाही. बँकेकडून परतफेडीचा तक्ता घ्या. आज उरलेल्या मुद्दलातून भरायची रक्कम वजा करा आणि आलेला आकडा तक्त्यात कोणत्या ओळीपाशी बसतो ते शोधा. आपल्या उदाहरणात उरतात १७ लाख ७६ हजार ७६७. हा आकडा ५९व्या आणि ६०व्या ओळींच्या मध्ये पडतो. ३६वी ओळ सोडून तुम्ही तिथे पोचलात, एवढाच या व्यवहाराचा अर्थ.

शिक्षकाने मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करून घेतला असता तर? हप्ता १७,०३६ झाला असता, महिन्याला ९५९ रुपयांची सूट. सतरा वर्षे ही सूट मिळून व्याज वाचले असते सुमारे ९६ हजार. कुठे तीन लाख एकवीस हजार आणि कुठे शहाण्णव हजार! मात्र यात जादू काही नाही. सुटलेले ९५९ रुपये दर महिन्याला परत कर्जात भरले, तर दोन्ही वाटा एकाच जागी पोचतात. पण महिन्याकाठी सुटलेले नऊशे रुपये कोण परत भरतो? ते किराण्यात आणि मोबाइलच्या रिचार्जमध्ये जातात. हप्ता तसाच ठेवला की ती शिस्त आपोआप पाळली जाते.

पैसे कधी भरले यालाही महत्त्व आहे. हाच शिक्षक हेच लाख रुपये पंधरा वर्षांनी भरेल, तर साडेआठ हप्तेच वाचतील आणि व्याजाची बचत होईल सुमारे ५२ हजार. कारण तोवर हप्त्यातले अकरा-साडेअकरा हजार तसेही मुद्दलातच जात असतात, त्यामुळे उडी आखूड पडते.

आपल्या अनेक घरांत व्याजाचे कर्ज मनाला बोचत असते. दुसरा मार्ग नव्हता म्हणून घेतले, लवकर सुटू दे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी तर हप्ता कमी करून घेण्यात अर्थच नाही. त्याने व्याजाशी असलेले नाते एक महिन्यानेही लवकर तुटत नाही.

आता घोळ कुठे होतो ते पाहू. काही ठिकाणी जादा भरलेली रक्कम मुद्दलात न टाकता पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून बाजूला ठेवली जाते. काही ठिकाणी न विचारता हप्ता कमी केला जातो. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी.’ मग नवा तक्ता मागून शेवटच्या हप्त्याची तारीख पाहा. आणखी एक सोपी खूण आहे. नऊ टक्क्यांनी एक लाखाचे महिन्याचे व्याज ७५० रुपये. रक्कम जमा झाल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण महिन्यात व्याज निदान तेवढे उतरले पाहिजे. उतरले नसेल, तर पैसे मुद्दलात गेलेले नाहीत.

व्यक्तीच्या नावावरचे बदलत्या दराचे गृहकर्ज असेल, तर आधी फेडल्याबद्दल बँकेला दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच त्याला मनाई केली आहे. स्थिर दराचे कर्ज असेल तर मात्र करारातली अट वाचा. बदलत्या दराची दुसरी बाजूही आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत वाढत गेली. म्हणून वाचलेले महिने मोजताना कर्ज घेतले तेव्हाचा जुना तक्ता न धरता आजचा तक्ता धरा.

शेवटी एक मर्यादा. गृहकर्जात भरलेले पैसे सहजासहजी परत मिळत नाहीत. कापसाचे सगळे पैसे तिथे ओतले आणि जूनमध्ये बियाण्या-खतासाठी सावकाराच्या दारात उभे राहावे लागले, तर ९ टक्के वाचवून त्याच्या दुप्पट-तिप्पट दराने व्याज भरावे लागेल. आधी महागडे कर्ज फेडा, खरिपाचा आणि दवाखान्याचा पैसा बाजूला ठेवा. त्यातून जे उरेल ते गृहकर्जात भरा, पन्नास हजार असले तरी चालतील. फक्त बँकेतून निघताना हप्ता किती कमी झाला हे विचारू नका, कर्ज कोणत्या महिन्यात संपणार ते विचारा.