हलकं डाळिंब, जड मेहुणा

परवा फळवाल्याने मला चारचौघांत दटावलं. ‘साहेब, दाबू नका, फळ खराब होतंय.’ मी दाबत नव्हतो, तळहातावर तोलत होतो. पण गाडीवर खुलासे कोण ऐकतो? मी गुमान समोरची चार लालचुटुक, चेंडूसारखी गोल डाळिंबं घेतली. घरी येऊन पहिलं कापलं तर दाणे फिकट आणि आंबट. दुसरं बाहेरून ठणठणीत, आतून काळं!

नेमका त्याच दिवशी सांगोल्याचा मेहुणा आला होता. त्याची स्वतःची बाग आहे, आणि मी आणलेलं कुठलंही फळ त्याला पसंत पडत नाही, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच. ‘दाजी, रंग कशाला बघता? भगवा लाल असतो, गणेश पिवळटच राहतो. झाडावरून उतरवलेलं डाळिंब पुढं पिकत नाही. नुसतं सुकतं.’

मग उरलेली दोन त्याने दोन हातांत धरली. दिसायला सारखीच, पण एक हलकं. दाणे रसाने भरले की सालीला आतून रेटा देतात, म्हणून तयार फळाची गोलाई मोडून कंगोरे येतात आणि ते आकाराच्या मानाने जड लागतं. ‘साल जरा सुकली असली तरी चालेल, पण फळ हलकं नको. आत कुजलं की तेही हलकंच लागतं.’

जड फळ कापायला मी सुरी उगारली, तर त्याने ती काढूनच घेतली. मी मधोमध आडवं कापतो. तसं कापल्याने बरेच दाणे चिरडतात आणि रस अंगावर उडतो. आंब्याच्या रसातून वाचलेला माझा पांढरा सदरा असाच डाळिंबाने नेला.

मेहुण्याने सुरीच्या टोकाने मुकुटाभोवती फक्त सालीपुरती गोल चीर दिली आणि झाकण उचललं. आत पांढऱ्या पडद्यांची चांदणी दिसली, पाच-सहा कप्प्यांची. प्रत्येक पडद्याच्या रेषेवर बाहेरून वरपासून खालपर्यंत साल चिरली आणि अंगठ्यांनी फळ उघडलं. ते कमळासारखं फाकलं, एकही दाणा फुटला नाही. पाकळ्या पाण्याच्या पातेल्यात धरून बोटांनी दाणे सोडवले. दाणे तळाला गेले, कडू पापुद्रे वर तरंगले. पापुद्रे काढून लगेच पाणी ओतलं. ‘फार वेळ ठेवलं तर गोडी पाण्यात जाते.’

इथवर ठीक होतं. पण या माणसाला तोलायची खोडच आहे. तो कलिंगड तोलतो, नारळ तोलतो, बहिणीच्या हातचा लाडूही खाण्याआधी तोलतो. भाच्यासाठी आलेल्या स्थळाची पत्रिका त्याने हातात घेऊन खाली-वर केली होती. तेव्हा जमलेल्या मंडळींत झालेली शांतता मला अजून आठवते.

निघताना त्याने टेबलावरचा आपला पेपर उचलला, माझं सदर असलेलं पान वेगळं केलं आणि तळहातावर ठेवलं.

‘दाजी,’ तो म्हणाला, ‘दिसायला गोल आहे.’