तीन दारांपुढचा अर्ज

वैरागच्या एका विद्यार्थिनीने अमेरिकेतल्या पीएचडीसाठी लिहिलेला अर्ज मला वाचायला दिला. ज्वारीची मुळं कोरड्या जमिनीत पाणी कसं शोधतात, हा तिचा प्रश्न. वडिलांच्या रानात उपटलेल्या मालदांडीच्या धाटापासून सुरुवात. ही सुरुवात मला फार आवडली. पण शेवटी एकाच प्राध्यापकाचं नाव, ‘त्यांच्याकडेच काम करायचं आहे’.

तिथे अडलं. या कार्यक्रमात प्रवेश विभाग देतो. पहिल्या वर्षी साधारण तीन प्रयोगशाळांत प्रत्येकी आठ-दहा आठवडे रोटेशनवर काम करायचं आणि मग मार्गदर्शक ठरवायचा. त्या प्राध्यापकांकडे यंदा जागा किंवा निधी नसेल, तर समितीला तिला कुठे बसवायचं तेच कळणार नाही.

आम्ही प्रश्न तोच ठेवला, नावं तीन केली: एक प्रयोगशाळा मुळांची रचना मोजणारी, दुसरी जनुकं तपासणारी, तिसरी मातीतल्या सूक्ष्मजीवांची. प्रत्येकीपुढे एकच वाक्य, तिथे काय शिकायचं याचं. नुसती स्तुती खोडली. गेल्या दोन-तीन वर्षांचे शोधनिबंध पाहिले, कारण संकेतस्थळावरचा विषय कधीकधी प्रयोगशाळेने केव्हाच सोडलेला असतो. तिन्ही प्राध्यापकांना छोटी ईमेल गेली: यंदा रोटेशनला विद्यार्थी घेणार का?