टक् आवाज कुणाचा?

उन्हाळ्यात हिमायतनगरात पारा 42 च्या पुढे गेला की फ्रिजच्या तक्रारी वाढतात, आणि त्यांतली एक ठरलेली. शेजारच्या काकू परवा सांगत होत्या, "आतला दिवा लागतो, मागून घुर्र होतं, टक् वाजतं अन् बंद. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मिस्त्री म्हणला कंप्रेसर गेला, नवीन टाका." कंप्रेसर म्हणजे फ्रिजमधला सगळ्यात महाग भाग. तो बाद ठरवण्याआधी त्याच्या बाजूच्या प्लास्टिकच्या झाकणाखालच्या दोन स्वस्त वस्तू तपासायलाच हव्यात: रिले आणि ओव्हरलोड.

मोटारीत दोन वाइंडिंग असतात. रनिंगचं कायम चालतं, स्टार्टिंगचं फक्त उठताना. त्या क्षणापुरता स्टार्टिंगला करंट देऊन मग तो जवळजवळ तोडायचा, हे रिलेचं काम. हल्लीच्या साध्या फ्रिजमधल्या पीटीसी रिलेत एक छोटी चकती असते. थंड असताना ती करंट जाऊ देते, क्षणात तापते आणि वाट अडवते. मोटार उठलीच नाही तर ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. त्या करंटनं ओव्हरलोडमधली धातूची पट्टी तापून वाकते आणि लाइन तोडते. पीटीसी रिले आवाज करत नाही, म्हणजे ऐकू येतो तो टक् ओव्हरलोडचा. तो वाजला म्हणून ओव्हरलोड खराब ठरत नाही. मोटार जळू नये म्हणून तो वाजतोय.

मात्र लाइट जाऊन लगेच आली असेल तर काहीही उघडू नका. चकती तापलेली असते, नळ्यांमधला गॅसचा दाब समान झालेला नसतो, आणि अशा वेळी चांगला फ्रिजही टक् करून थांबतो. पाच-सात मिनिटं बंद ठेवून पुन्हा लावा.

काकूंकडे तेही करून झालं होतं, म्हणून मी आधी बोर्डावरचं व्होल्टेज पाहिलं. 212 होतं, कंप्रेसर उठू पाहताना 198 झालं. तिथं ते 170-160 वर कोसळलं असतं तर दोष वायरिंगमध्ये किंवा येणाऱ्या लाइनमध्ये शोधावा लागला असता. संध्याकाळी सगळीकडे कूलर सुरू असतात तेव्हा हे घडू शकतं, म्हणून मोजमाप फ्रिज अडतो त्याच वेळी घ्यायचं.

मग प्लग काढला. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. कपॅसिटर असेल तर तो आधी डिस्चार्ज करायचा. झाकण काढून रिले सरळ ओढून काढला आणि कानाशी हलवला. आत तुकडे खुळखुळले. चकती फुटली होती. थंड पीटीसी साधारण 10 ते 40 ओहम दाखवते. इथं मल्टिमीटरवर `OL` आलं, म्हणजे वाट तुटलेली. (नुकताच चाललेला रिले गरम असताना मोजला तर चांगलाही खराब दिसतो, निवू द्यावा.) ओव्हरलोडच्या दोन टोकांत जवळजवळ शून्य ओहम आले. थंड असताना तो जोडलेला होता.

एवढ्यावर नवा रिले बसवता आला असता, पण वाइंडिंग पाहणं राहिलं होतं. कंप्रेसरच्या तीन पिनांपैकी दोन-दोन धरून मोजलं: 14, 22 आणि 36 ओहम. लहान दोन आकड्यांची बेरीज मोठ्याइतकी आली, म्हणजे हिशेब जुळला. 36 ज्या जोडीत आले तिच्याबाहेरची पिन कॉमन. कॉमनपासून 14 ती रनिंग, 22 ती स्टार्टिंग. पिन आणि खरवडलेला तांब्याचा पाइप यांत कुठलीच जोडणी दिसली नाही, म्हणजे वाइंडिंग बॉडीला लागलेलं नव्हतं. त्याच कंप्रेसरला चालणारा रिले आणून लावला, झाकण बसवलं, प्लग लावला आणि कंप्रेसर पहिल्याच झटक्याला उठला.

हे दरवेळी असंच निघत नाही. रिले नवा, वाइंडिंगचा हिशेब बरोबर, व्होल्टेज पुरेसं, तरीही घुर्र-टक् चालूच राहिलं तर कंप्रेसर आतून जाम असू शकतो. तो जाम ओहममध्ये दिसत नाही. तिथं क्लॅम्प मीटर लागतो. छोटा फ्रिज चालताना साधारण एक अँपिअरच्या आसपास घेतो. मोटार चालू असून करंट एवढाच, तरी टक् होत असेल, तर ओव्हरलोडच कमजोर झाला आहे. करंट त्याच्या कितीतरी पट असेल तर ओव्हरलोड बरोबर आहे आणि दोष मोटारीचा. इन्व्हर्टर फ्रिजला यातलं काही लागू नाही. त्यात हा रिलेच नसतो.

"ओव्हरलोड काढून डायरेक्ट करून देतो" असं कुणी म्हणालं तर करू देऊ नका. अडलेल्या मोटारीचं वाइंडिंग त्यात जळतं, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमधला आर600ए गॅस पेट घेणारा असतो.